शाळा रिकामी कशी करायची

आग, भूकंप किंवा गॅसगळती झाली तर शाळेची इमारत कशी रिकामी करायची, याची कार्यपद्धती टेबलाशी बसून लिहिता येत नाही. आधी टेप, वही आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन इमारतीत फेरी मारावी लागते. फेरीला मुख्याध्यापकांसोबत एखादा जुना शिपाई असलेला बरा. कोणते दार कधीपासून उघडलेले नाही आणि कोणत्या कुलपाची किल्ली हरवली आहे, हे कागदोपत्री कुठेच नसते. ते त्यालाच माहीत असते.

नमुन्यादाखल तालुक्याच्या गावात सहज आढळेल अशी एक शाळा घेऊ. तळमजला आणि वर दोन मजले, इंग्रजी ‘एल’च्या आकाराची इमारत, मजल्यावर सहा वर्ग, एका वर्गात साधारण पंचेचाळीस मुले. म्हणजे एका वेळी आठशेच्या वर मुले इमारतीत असतात आणि त्यातली पाचशे चाळीस वरच्या दोन मजल्यांवर. कार्यालयाशेजारचा मुख्य जिना दीड मीटर रुंद आहे, दुसऱ्या टोकाचा मागचा जिना एक मीटर वीस सेंटिमीटर. मागच्या जिन्याच्या पायथ्याला सरकती लोखंडी जाळी आहे आणि मुले मधल्या सुट्टीत पळून जातात म्हणून तिला कुलूप असते. जिन्याखाली मोडकी बाके आणि हंडी-मल्लखांबाचे सामान रचलेले. जाळीबाहेर चार पावलांवर पोषण आहाराचे स्वयंपाकघर, त्यात दोन सिलिंडर. समोर मैदान, मैदानाला एकच मोठे फाटक.

एवढे कागदावर उतरवले की खरा प्रश्न दिसू लागतो. मुले रोज मुख्य जिन्यानेच ये-जा करतात. घाबरलेला माणूस ओळखीच्या वाटेकडे धावतो, त्यामुळे काहीही न ठरवता घंटा वाजली तर पाचशे चाळीस मुले एकाच जिन्यावर येतील. पायऱ्यांवरून माणसे किती वेगाने उतरतात याचा एक ढोबळ हिशेब असा धरता येतो, की रुंदीच्या दर मीटरमागे मिनिटाला पन्नासेक मुले. दीड मीटरच्या जिन्यावरून मिनिटाला पंचाहत्तर, म्हणजे पाचशे चाळीस मुलांना सात मिनिटांहून जास्त वेळ. धूर जिन्यात शिरायला इतका वेळ लागत नाही. मुले धावली म्हणून हा वेळ कमी होत नाही, कारण वेग पायांवर नाही तर जिन्याच्या रुंदीवर ठरतो. धावण्याने फक्त वळणावर कोंडी होते आणि एक मूल पडले की मागची त्याच्यावर पडतात.

म्हणून पहिला निर्णय वर्गांच्या वाटणीचा. मजल्यावरचे तीन वर्ग मुख्य जिन्याकडे आणि तीन मागच्या जिन्याकडे, ही वाटणी सरळ वाटते, पण ती बरोबर नाही. मागचा जिना अरुंद आहे. त्यावरून मिनिटाला साठच मुले उतरतील. सहा वर्गांची दोनशे सत्तर मुले तिथे साडेचार मिनिटे घेतील, तर मुख्य जिना साडेतीन मिनिटांत मोकळा होऊन रिकामा राहील. दुसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्यातला एक वर्ग मुख्य जिन्याकडे वळवला, तर तिकडे तीनशे पंधरा आणि मागे दोनशे पंचवीस मुले होतात, आणि दोन्ही जिने चार मिनिटांच्या आसपास जवळजवळ एकदमच मोकळे होतात. वाट किती जवळची यापेक्षा वाटेत किती गर्दी होणार, यावर मार्ग ठरतो तो असा.

जिन्यावर दोन मजल्यांची मुले एकत्र येतात तिथली रीतही लिहून ठेवावी लागते. सोपा नियम असा: दुसऱ्या मजल्याची रांग भिंतीच्या कडेने, पहिल्या मजल्याची कठड्याच्या कडेने. दोन रांगा शेजारून उतरतात, एकमेकींत घुसत नाहीत. पहिला मजला आधी संपतो, तेव्हा तिथल्या वळणावर उभ्या असलेल्या शिक्षकाने वरच्या रांगेला दोन पदरी व्हायला सांगायचे. हा शिक्षक नसेल तर कठड्याची बाजू मोकळी पडते आणि भिंतीची रांग तशीच सरकत राहते. एक-दीड मिनिट वाया जाते.

मागचा मार्ग जाळी उघडी असेल तरच मार्ग म्हणायचा. शाळा भरलेली असताना जाळीला कुलूप न लावता आतून सहज सरकेल असा कडी-बोल्ट ठेवायचा आणि मुले पळू नयेत म्हणून तिथे माणूस बसवायचा, हा उपाय महागडा वाटतो. काचेच्या डबीत ठेवलेली किल्ली हा स्वस्त उपाय बहुतेक शाळांना आवडतो, पण धुरात, अंधारात आणि थरथरत्या हातांनी कुलूप उघडायला किती वेळ लागतो हे एकदा डोळे बांधून करून पाहावे. जिन्याखालची बाके तर हलवायलाच हवीत, कारण जिन्याखाली लाकूड रचणे म्हणजे वाटेतच सरण रचणे.

स्वयंपाकघर मागच्या वाटेच्या तोंडाशी आहे, हा या इमारतीचा सगळ्यात मोठा दोष. तामिळनाडूतल्या कुंभकोणम इथे 16 जुलै 2004 रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातून उठलेली आग वरच्या गवती छपराला लागली आणि 94 मुले गेली. तिथला अरुंद जिना सगळ्यांना बाहेर काढू शकला नाही. त्या प्रकरणावरून चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली देशभरातल्या शाळांसाठी सुरक्षेचे आदेश दिले. पण आदेशाने स्वयंपाकघर हलत नाही. ते हलवता येत नसेल, तर कार्यपद्धतीत दुसरा आराखडा लागतो: आग स्वयंपाकघरात असेल तर मागचा जिना बंद, सगळे मुख्य जिन्याने, आधी स्वयंपाकघराच्या अंगाचे वर्ग. सात मिनिटांचा तोच हिशेब इथे पुन्हा समोर येतो. सिलिंडर इमारतीपासून दूर, उघड्यावर जाळीच्या पिंजऱ्यात ठेवण्याचा खर्च शाळा समितीपुढे मांडायचा झाला, तर हा हिशेब सगळ्यात उपयोगी पडतो.

इशारा कोणता, हे ठरवताना एक गोष्ट हमखास निसटते. बहुतेक शाळांत लांबलचक वाजणारी घंटा म्हणजे शाळा सुटली. ती ऐकली की मुले आनंदाने दप्तरे भरू लागतात, डबा शोधतात, चपला घालायला वाकतात. म्हणून आणीबाणीचा आवाज वेगळा हवा. विजेच्या घंटेवर विसंबता येत नाही, कारण आगीत वीज आधी जाते किंवा बंद करावी लागते. प्रत्येक मजल्यावर टांगलेला पितळी टोल आणि जिन्यावरच्या शिक्षकांच्या गळ्यात शिट्टी, हे जुनेच साधन इथे भरवशाचे. भूकंपात मात्र हादरे हाच इशारा असतो. तेव्हा धावायचे नाही, बाकाखाली जाऊन डोके झाकायचे आणि बाकाचा पाय घट्ट धरायचा. हादरे थांबल्यावर टोल वाजला की बाहेर निघायचे. दोन्ही प्रसंगांची वागणूक एकमेकींच्या उलट असल्याने त्या एकाच वाक्यात कोंबू नयेत.

टोल कोणी वाजवायचा? धूर पहिल्यांदा पाहणाऱ्याने, मग तो सातवीतला विद्यार्थी का असेना. शिकागोतल्या ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ शाळेत 1 डिसेंबर 1958 रोजी आग लागली तेव्हा धोक्याची घंटा प्रमुख भगिनीच्या परवानगीने वाजवायची असा प्रघात होता. धूर दिसल्यावर एक शिक्षिका त्यांना शोधायला गेली, त्या जागेवर नव्हत्या, आणि त्यात मोलाचा वेळ गेला. 92 मुले आणि 3 भगिनी मृत्यू पावल्या. खोटी घंटा वाजली तर फार तर एक तास बुडतो. म्हणून ‘मुख्याध्यापकांच्या आदेशानंतर’ हे शब्द कार्यपद्धतीच्या या कलमात असता कामा नयेत.

कामे वाटताना माणसाचे नाव लिहिण्याआधी त्या क्षणी तो कुठे असतो ते पाहावे. ‘वर्गशिक्षकाने वर्ग बाहेर काढावा’ असे सगळीकडे लिहिलेले असते. पण सकाळी सव्वाअकराला इयत्ता आठवी ‘ब’चे वर्गशिक्षक दहावीला गणित शिकवत असतात. म्हणून वर्ग बाहेर काढतो तो त्या तासाचा शिक्षक. रांगेपुढे वर्गप्रतिनिधी चालतो, शिक्षक सगळ्यात शेवटी निघतो आणि निघताना दार ओढून घेतो. कडी लावायची नाही, फक्त ओढायचे. बंद दार धूर बराच वेळ अडवते.

ज्यांना त्या तासाला वर्ग नसतो त्यांच्याकडे मजल्याची झडती येते: स्वच्छतागृह, प्रयोगशाळा, ग्रंथालय, गच्चीचा जिना. मोकळे शिक्षक दर तासाला बदलतात, त्यामुळे झडतीची नावे वेळापत्रकाच्या तक्त्यातच वेगळ्या शाईने लिहिणे सोयीचे. शिपायांपैकी एक मागची जाळी, दुसरा मैदानाचे फाटक, आणि विजेचा मुख्य खटका पाडणे कार्यालयाजवळच्या तिसऱ्याकडे. आहार शिजवणाऱ्या ताईंनी रेग्युलेटर बंद करून निघायचे. त्यांना हे कोणी शिकवलेलेच नसते, कारण शिक्षकांच्या बैठकीला त्या नसतात. लिपिक बाहेर पडताना हजेरीपट आणि पालकांच्या फोनची वही घेतो आणि फाटकाशी उभा राहून अग्निशमन दलाला 101 वर किंवा 112 वर फोन करतो. फोनवर काय सांगायचे ते आधीच लिहून भिंतीला लावावे: शाळेचे नाव, जवळची ठळक खूण, कोणत्या मजल्यावर काय झाले आहे आणि बंब कोणत्या फाटकाने आत येईल. चाकाच्या खुर्चीवरचा विद्यार्थी असेल, तर त्याचा वर्ग तळमजल्यावर आणणे ही सर्वांत सोपी तजवीज; ते जमले नाही तर दोन मोठ्या माणसांची नावे त्याच्या नावासमोर हवीत आणि मुख्य रांग उतरल्याबरोबर त्याला उचलून आणण्याचा सराव हवा. अग्निशामक नळकांडे वापरणे हे कोणाचेही पहिले काम नाही. आधी टोल, मग मुले; कचऱ्याच्या डब्याएवढी आग असेल आणि पाठीमागे वाट मोकळी असेल, तरच नळकांडे.

प्रत्येक कामापुढे तीन नावे लागतात. पहिला रजेवर असतो, दुसरा तालुक्याला बैठकीला गेलेला असतो. जपानमधल्या इशिनोमाकी शहराच्या ओकावा प्राथमिक शाळेची गोष्ट इथे आठवते. 11 मार्च 2011 च्या भूकंपानंतर तिथली मुले शिस्तीत मैदानावर आली. मुख्याध्यापक त्या दिवशी शाळेत नव्हते. पुढे कुठे जायचे यावर शिक्षकांत चर्चा होत राहिली, कारण शाळेच्या लेखी आराखड्यात त्सुनामी आली तर ‘जवळची मोकळी जागा किंवा बाग’ एवढेच म्हटले होते. शाळेमागेच टेकडी होती. भूकंपानंतर सुमारे पन्नास मिनिटांनी पाणी आले आणि 74 मुले व 10 शिक्षक-कर्मचारी गेले. आराखडाच अपुरा होता, असे तिथल्या उच्च न्यायालयाने 2018 साली म्हटले आणि पुढच्या वर्षी तो निर्णय कायम झाला. इमारत रिकामी करण्यात ती शाळा चुकली नव्हती; एका जागेचे नाव लिहायचे राहिले होते.

नमुन्याच्या शाळेत एकत्र जमण्याची जागा म्हणजे मैदान, पण मैदानाचा कोणता भाग हे चुन्याने आखावे लागते. इमारत दहा-अकरा मीटर उंच आहे. भिंत किंवा कठडा बाहेर पडला तरी मुलांवर येऊ नये म्हणून रांगा भिंतीपासून किमान पंधरा मीटरवर सुरू व्हाव्यात. विजेच्या तारांखाली आणि बंबाच्या वाटेत एकही रांग नको. मैदान वापरता आले नाही तर दुसरी जागा कोणती आणि तिथे कोणत्या रस्त्याने जायचे, हेही लिहिलेले हवे. रस्ता निवडताना दोन्ही बाजूंची घरे पाहावीत. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात कच्छमधल्या अंजार गावी प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत चाललेली शाळकरी मुले अरुंद गल्लीत दोन्हीकडची घरे कोसळून दगावली. ती मुले इमारतीत नव्हती, उघड्यावरच होती.

मैदानावर पोचल्यावर मोजदाद, आणि खरे तर सगळी कार्यपद्धती या मोजदादीसाठीच असते. बंबाबरोबर आलेल्या अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: आत कोणी आहे का? ‘बहुतेक नाही’ या उत्तरावर माणसे धुरात शिरतात. फळ्याच्या कोपऱ्यात ‘पट 46, हजर 43’ असे लिहिण्याची पद्धत मराठी शाळांत जुनी आहे, पण फळा बाहेर येत नाही. त्यामुळे पहिल्या तासानंतर हजर आकडा एका पुठ्ठ्यावर लिहून तो दाराशी खिळ्याला टांगायचा. बाहेर निघताना वर्गप्रतिनिधी तो उचलतो. पुठ्ठ्याची एक बाजू हिरवी, एक लाल. आकडा जुळला तर हिरवी बाजू वर, नाही जुळला तर लाल. मुख्याध्यापकांना अठरा वर्गांकडून निरोप यायची वाट पाहावी लागत नाही. नजर फिरवली की कोणता वर्ग अडला ते दिसते. आकडा कमी भरला तितकाच जास्त भरला तरीही लाल, कारण जास्तीचे मूल म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी वर्गातले हरवलेले मूल. शोधायला शिक्षकाने स्वतः आत जायचे नाही. नाव, वर्ग आणि शेवटचे कुठे दिसले, हे मुख्याध्यापकांमार्फत दलाच्या अधिकाऱ्याला सांगायचे. पालक आलेच, तर मूल सही घेऊन सोडायचे. नाहीतर संध्याकाळपर्यंत कोणाचा तरी आकडा जुळत नाही.

हे सगळे कागदावर उतरले तरी तो मसुदाच. तो खरा की खोटा हे मॉक ड्रिल सांगते आणि ड्रिलचे म्हणणे नोंदवहीत टिकते. बहुतेक शाळांच्या नोंदवहीत ‘आज मॉक ड्रिल यशस्वीरीत्या पार पडले’ असे एक वाक्य आणि छायाचित्र असते. त्यातून पुढच्या वेळी काय बदलायचे ते कळत नाही. उपयोगी नोंदीत दोन वेळा वेगवेगळ्या लिहितात: टोलपासून शेवटचे मूल बाहेर येईपर्यंत आणि टोलपासून शेवटचा पुठ्ठा हिरवा होईपर्यंत. त्याखाली हजर संख्या, मोजलेली संख्या, कोणती वाट मुद्दाम बंद ठेवली होती, आधी सूचना दिली होती का, कुठे अडले, ते कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त करणार.

नमुन्याच्या शाळेत पहिले ड्रिल सूचना देऊन, तिसऱ्या तासाला घेतले, असे समजू. नोंद अशी होईल: बाहेर 6 मिनिटे 10 सेकंद, मोजदाद पूर्ण 11 मिनिटे. अडले कुठे, तर मागच्या जाळीची किल्ली ज्याच्याकडे होती तो शिपाई बँकेत गेला होता. दोन वर्ग जाळीपासून मागे वळून वर चढले आणि उतरणाऱ्या तिसऱ्या वर्गाशी त्यांची टक्कर झाली. दुरुस्ती: कुलूप काढून बोल्ट, आठवड्याच्या आत. दुसऱ्या ड्रिलला बाहेर 4 मिनिटे 50 सेकंद, मोजदाद 8 मिनिटे. सातवी ‘अ’मध्ये एक कमी, सहावी ‘ब’मध्ये एक जास्त, स्वच्छतागृहातून बाहेर आलेली मुलगी समोर दिसलेल्या पहिल्या रांगेत शिरली होती. दुरुस्ती: एकट्या सापडलेल्या मुलाने वाटेत कोणत्याही रांगेबरोबर उतरावे, पण मैदानावर आपल्याच वर्गाच्या खुणेशी उभे राहावे. हे वाक्य मसुद्यात नव्हते. ते ड्रिलने लिहून दिले.

तिसरे ड्रिल सूचना न देता, मधल्या सुट्टीत आणि मुख्य जिन्याला लाल फडके बांधून. सुट्टीत वर्गात शिक्षक नसतो, त्यामुळे ‘त्या तासाचा शिक्षक’ हा नियमच लटका पडतो. मैदानावर असलेल्यांनी वर न जाता तिथेच वर्गाच्या खुणेशी उभे राहायचे, व्हरांड्यात असलेल्यांनी लाल फडके दिसताच मागच्या जिन्याने यायचे आणि सुट्टीची पाळी असलेल्या शिक्षकांनी झडती घ्यायची, असे स्वतंत्र कलम त्यासाठी लागते. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत सकाळच्या प्राथमिक वर्गांची वाटणी वेगळी ठेवावी लागते. पहिलीचे मूल कठडा धरायला उंचीला पुरत नाही. बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांत बाहेरगावची मुले असतात, त्यांना एकही वाट माहीत नसते. पहिल्या पेपराआधी दोन मिनिटे वाट दाखवण्याचे काम पर्यवेक्षकाच्या यादीत घालावे.

महाराष्ट्रात अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. ते नळकांड्यांचे आणि पंपांचे असते. मुलांच्या हालचालीशी त्याचा संबंध नाही. तरी कार्यपद्धती तपासायला तेच दोन महिने सोयीचे पडतात, कारण जुलैपर्यंत नवे वेळापत्रक आणि नवे वर्ग बसलेले असतात. बदललेल्या मसुद्यावर तारीख टाकून प्रत्येक वर्गाच्या दारामागे एक पान लावायचे: या वर्गाचा जिना, रांगेची बाजू, मैदानावरची खूण, आणि वाट बंद असेल तर दुसरी वाट. नवे पान लावताना जुने काढून टाकायचे, नाहीतर एकाच दारामागे दोन तारखांची दोन पाने आणि त्यांवर दोन वेगळे जिने दिसतात.